जमिनीतली पाण्याची टाकी: भिंत घट्ट कशी ओतायची आणि रिकामी टाकी वर येऊ नये म्हणून काय करायचं

जमिनीत टाकी बांधताना सगळं लक्ष आतल्या पाण्याकडे असतं: ते गळू नये, भिंत फुटू नये. पण टाकीच्या बाहेरही पाणी असतं, आणि टाकी रिकामी असते तेव्हा ते बाहेरचं पाणी तिला होडीसारखं वर उचलू पाहतं. भरलेली टाकी तरंगत नाही. तरंगते ती रिकामी, आणि बऱ्याचदा अर्धवट बांधलेली, म्हणजे वरचा स्लॅब नाही, बाजूला भराव नाही, आणि रात्री जोराचा पाऊस झालेला.

पुढे एकाच टाकीचा हिशोब शेवटपर्यंत नेला आहे. आतून ४ मीटर × ३ मीटर, पाण्याची खोली २.५ मीटर, म्हणजे ३० घनमीटर किंवा ३० हजार लिटर. भिंती २०० मिमी, तळ २५० मिमी, वरचा स्लॅब १५० मिमी, आणि स्लॅबचा माथा जमिनीच्या पातळीत. तुमची मापं वेगळी असतील, पण रीत हीच.

सुरू करण्यापूर्वी हाताशी काय हवं

- उचलीचा हिशोब लिहिलेला आराखडा. नुसते सळयांचे तपशील पुरत नाहीत. "रिकामी टाकी, बाहेर पाणी जमिनीपर्यंत" या स्थितीचा आकडा कागदावर दिसला पाहिजे.
- खड्ड्यातून पाणी उपसणारे दोन पंप. एक चालू, एक राखीव, आणि वीज गेली तर चालेल अशी सोय.
- ओतलेला माल हलवून घट्ट बसवणारा नीडल व्हायब्रेटर, तोही एक जादा.
- वॉटर स्टॉप म्हणजे सांध्यातून पाणी अडवणारी पट्टी, पडल फ्लँज म्हणजे पाइपभोवती पाणी अडवणारी चकती लावलेले पाइपचे तुकडे, सळई शटरिंगपासून दूर धरणारे काँक्रीटचे कव्हर ब्लॉक.
- ११० मिमीचा एक पीव्हीसी पाइप, खालच्या भागात भोकं पाडलेला. हा कशाला ते पुढे येईलच.

१. जमिनीतलं पाणी किती वर येतं ते शोधा

उन्हाळ्यात खणलेला कोरडा खड्डा काहीच सांगत नाही. वर्षातली सर्वांत वरची पातळी हवी. ती जवळच्या विहिरीतून किंवा पावसानंतर खणलेल्या चाचणी खड्ड्यातून कळते.

इथे नवख्या माणसाचे दोन गैरसमज असतात. पहिला म्हणजे, "आमच्याकडे कातळ आहे, पाणी लागतच नाही." कातळात किंवा चिकणमातीत टाकीसाठी खणलेला खड्डा ही स्वतःच एक टाकी होते. बाजूचा सैल भराव पावसाचं पाणी आत घेतो आणि खालून ते निघून जायला वाट नसते. अशा जागी नैसर्गिक पातळी कितीही खोल असली तरी हिशोब पाणी जमिनीपर्यंत आलंय असं धरूनच करावा.

दुसरा गैरसमज म्हणजे थोडंसं पाणी एवढी जड टाकी कशी उचलणार. उचल पाण्याच्या साठ्यावर नाही, उंचीवर ठरते. भिंतीला लागून बोटभर रुंदीच्या फटीत २.९ मीटर पाणी उभं असेल आणि ते तळाखाली पोचत असेल, तर तळावर प्रत्येक चौरस मीटरला २.९ टन दाब वरच्या दिशेने येतो. शेजारी तलाव असला तरी तेवढाच आला असता.

२. वजन आणि उचल समोरासमोर मांडा

बाहेरून टाकी ४.४ × ३.४ मीटर, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ १४.९६ चौरस मीटर. बाहेरची एकूण उंची २.९ मीटर.

आधी काँक्रीट मोजा:

- तळ: ३.७४ घनमीटर
- भिंती: ७.४ घनमीटर
- वरचा स्लॅब, ६० सेंमीचं चौकोनी तोंड वजा करून: २.१९ घनमीटर

एकूण १३.३३ घनमीटर. सळईसकट काँक्रीटचं वजन एरवी घनमीटरला २.५ टन धरतात. इथे वजन आपल्या बाजूने काम करतंय, म्हणून हात आखडून २.४ धरा. टाकीचं वजन झालं ३२ टन. गिलावा, फरशी, खालची पीसीसी म्हणजे तळाखालचा साध्या काँक्रीटचा थर, यांतलं काही मोजू नका. पीसीसी टाकीला चिकटून वर येईल याची खात्री नसते.

आता उचल: १४.९६ × २.९ = ४३.४ टन.

म्हणजे ३२ टनांच्या टाकीला ४३ टन वर ढकलतात. पाणी तळाच्या खालच्या पातळीपासून २.१४ मीटर चढलं, म्हणजे जमिनीखाली अजून पाऊण मीटरवर असलं, तरी ही टाकी जागची हलेल. शिवाय वजन उचलीच्या बरोबरीचं असून भागत नाही, किमान १.२ पट हवं. म्हणजे ५२.१ टन. आपल्याला २० टन कमी पडतायत.

भिंतीलगतच्या मातीचं घर्षण मदतीला धरायचा मोह होतो, तो टाळा. ओल्या सैल भरावाचं घर्षण कागदावरच चांगलं दिसतं.

३. कमी पडणारे २० टन आणायचे कुठून

सगळ्यांना आधी सुचतं ते तळ जाड करणं. पण तळ खालच्या बाजूने वाढवला की टाकी तेवढी खोल जाते आणि उचलही वाढते. प्रत्येक घनमीटर काँक्रीट २.४ टन देतं, पण १.२ पटीच्या हिशोबात १.२ टन परत घेतं. निम्मंच हाती लागतं. या टाकीचा तळ त्यासाठी आणखी १.१ मीटर जाड करावा लागेल. आतून काँक्रीट भरलं तर ७० सेंमीत काम होतं, पण ३० पैकी ८ घनमीटर साठवण जाते.

स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे तळ भिंतीच्या बाहेर काढणं. या बाहेर आलेल्या पट्टीला साइटवर टो म्हणतात. तिच्यावर भरावाची माती बसते आणि टाकी दाबून धरते. टो चारही बाजूंनी ६० सेंमी काढला तर:

- टोचं काँक्रीट २.७ घनमीटर, वजन ६.५ टन
- टोवरची माती २८.६ घनमीटर. पाण्यात बुडालेल्या मातीचं कामाचं वजन घनमीटरला ०.८ टन धरून २२.९ टन
- धरून ठेवणारं एकूण वजन: ३२ + ६.५ + २२.९ = ६१.४ टन
- उचल, टोच्या काँक्रीटची धरून: ४६.१ टन

गुणोत्तर १.३३ येतं. ५० सेंमीचा टोही १.२३ देतो, मग ६० कशाला? कारण भराव नीट ठोकला जाईलच असं नाही. माती सैल राहिली आणि बुडालेलं वजन ०.८ ऐवजी ०.६ भरलं, तर ५० सेंमीचा टो १.१२ वर घसरतो, ६० सेंमीचा १.२ वर टिकतो. खड्डा खणतानाच ही रुंदी द्या. खड्डा अरुंद पडला म्हणून साइटवर टो छाटला जातो, आणि मग उचलीचा सगळा हिशोब कागदावरच राहतो.

तळात झडप बसवून बाहेरचं पाणी आत घेण्याची युक्ती पोहण्याच्या तलावात चालते. पिण्याच्या टाकीत ती नको, जमिनीतलं घाण पाणी थेट आत येतं.

४. सळई भिंतीच्या दोन्ही अंगांना

गळती तपासताना टाकी भरलेली असते आणि बाहेर माती नसते. तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी २.५ टन दर चौरस मीटर दाब बाहेरच्या दिशेने असतो आणि पायथ्याला आतल्या अंगाला ताण येतो. पुढे टाकी रिकामी आणि बाहेर ओली माती असली की उलटं होतं. त्याच पातळीवर पाण्याचे २.६५ आणि मातीचा सुमारे एक टन मिळून पावणेचार टनांच्या आसपास दाब आत येतो आणि पायथ्याचा ताण बाहेरच्या अंगाला जातो. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त आहे हे बघून अनेकांना आश्चर्य वाटतं.

तळाचंही तसंच. रिकाम्या टाकीत पाणी तळाला खालून फुगवतं, म्हणून तळाच्या मध्यभागी वरची जाळी लागते. नेहमीच्या स्लॅबच्या सवयीने ती गाळली की तळाला मधोमध चीर पडते आणि पाणी कारंज्यासारखं आत येतं. टोच्या मुळाशीही वरच्या अंगाला सळई हवी, कारण माती त्याला खाली वाकवते.

आडव्या सळया बारीक आणि जवळजवळ ठेवा. तेवढंच लोखंड जाड सळयांत दूरदूर ठेवलं तर काँक्रीट आकसताना थोड्या पण रुंद भेगा पडतात, बारीक सळयांत पुष्कळ पण केसासारख्या. ०.२ मिमीपर्यंतची स्थिर भेग पाण्यातल्या चुन्याने बहुधा आपोआप बुजते, त्याहून रुंद भेगेचा भरवसा नाही.

५. काँक्रीट घट्ट का लागतं

काँक्रीट मजबूत असणं आणि त्यातून पाणी न झिरपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिमेंटला जमायला जेवढं पाणी लागतं त्याहून जास्त पाणी आपण काम सोपं व्हावं म्हणून घालतो. ते जादा पाणी नंतर निघून जातं आणि त्याच्या जागी केसासारख्या नळ्या राहतात. पाणी कमी असेल आणि काँक्रीट पुरेसे दिवस ओलं राहिलं, तर सिमेंटची वाढ या नळ्या मध्ये मध्ये बुजवते आणि आरपार वाट उरत नाही. साधं पोर्टलंड सिमेंट सतत ओलं ठेवलं तर याला लागणारा वेळ असा:

- पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५: सुमारे ७ दिवस
- ०.५०: १४ दिवस
- ०.६०: ६ महिने
- ०.७०: एक वर्ष
- त्यावर: कधीच नाही

०.६ ला सहा महिने कोण पाणी मारत बसणार? म्हणून टाकीला ०.४५ ही वरची मर्यादा समजा. ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर. आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते, कारण वाळूतलं पाणी कुणी मोजत नाही. गोणीमागे साधारण ९० किलो वाळू जाते. तिच्यात ५ टक्के ओल असेल तर साडेचार लिटर पाणी आधीच आलेलं असतं. वर पुन्हा साडेबावीस लिटर ओतले की प्रमाण ०.५४ होतं. पावसाळी दिवसात वाळूची ओल रोज बघा आणि तेवढं पाणी कमी करा.

एवढ्या कमी पाण्यात काँक्रीट भिंतीत उतरत नाही, म्हणून पाणी न वाढवता माल सैल करणारं प्लास्टिसायझर वापरा. १०० मिमीच्या आसपास स्लम्प मिळाला, म्हणजे साचा उचलल्यावर माल तेवढा खाली बसला, की दोन जाळ्यांमधून माल खाली जातो. ग्रेड एम-३० पासून पुढे, खडी २० मिमीपर्यंत. माल घट्ट वाटला म्हणून मिक्सरच्या तोंडाशी बादलीभर पाणी ओतणारा हात वेळीच थांबवा. आतून लावलेलं वॉटरप्रूफिंग झिरपणाऱ्या काँक्रीटला फार दिवस वाचवत नाही. रिकाम्या टाकीत बाहेरचं पाणी त्याला मागून ढकलून सोलून काढतं.

६. ओतताना पाणी कुठून वाट काढतं

चांगल्या काँक्रीटची टाकीही चार ठिकाणी गळते.

सांधा. तळ आणि भिंत एका दमात होत नाहीत. तळाबरोबरच भिंतीचा १५० मिमी उंचीचा किकर ओता आणि सांधा तिथे वर घ्या, म्हणजे शटरिंगही नीट बसतं. सांध्यात वॉटर स्टॉप उभा राहील असा तारेने दोन्ही बाजूंना बांधा. काँक्रीट पडताना तो लोळला तर असून नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी वरची दुधट साय तारेच्या ब्रशने काढून खडी उघडी करा आणि पुढचं काँक्रीट ओतण्यापूर्वी धूळ धुवून टाका.

शटरिंगचे टाय. इमारतीच्या भिंतीत पीव्हीसी नळीतून टाय रॉड घालतात आणि नंतर काढतात. टाकीत ते केलं तर प्रत्येक टाय म्हणजे आरपार भोक. मधोमध छोटी पट्टी वेल्ड केलेले टाय वापरा, ते भिंतीतच राहू द्या आणि दोन्ही टोकं खाचेत कापून मसाल्याने बुजवा.

पाइप. पडल फ्लँज असलेला तुकडा शटरिंगमध्येच बसवा. नंतर भिंत फोडून घातलेला पाइप आज ना उद्या गळतो.

पोकळ्या. माल दीड मीटरपेक्षा उंचावरून टाकू नका. ३० ते ४५ सेंमीचे थर भिंतीभर सारखे चढवा, नीडल खालच्या थरात १० सेंमी शिरू द्या आणि हळू ओढा. बुडबुडे थांबून वर चमक आली की पुढच्या जागी. शटरिंग काढल्यावर उघडी खडी दिसली तर तिच्यावर गिलावा मारून झाकू नका. सैल भाग छिन्नीने भरीव काँक्रीट लागेपर्यंत काढा आणि न आकसणाऱ्या ग्राउटने भरा.

शटरिंग काही दिवस तसंच राहिलं तर उत्तम, तेच ओल धरतं. त्यानंतर गोणपाट लावून एकूण १४ दिवस ओल मोडू देऊ नका.

गच्चीवरच्या टाकीत काय बदलतं

तरंगण्याचा प्रश्न नाही, काँक्रीटचे नियम तेच. फरक उन्हावाऱ्याचा: उंचावर भिंत दोन्ही बाजूंनी वाळते, म्हणून ओल टिकवणं जास्त कठीण. गोल टाकीत भिंत वाकण्यापेक्षा ताणली जाते. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर तळाजवळ मीटरभर उंचीच्या पट्ट्यात ६ टन ताण येतो (३ टन दाब × २ मीटर त्रिज्या), तो गोल सळयांनीच घ्यायचा. टाकीच्या छताच्या खालच्या अंगाला कायम ओल आणि क्लोरीनची वाफ असते. तिथे सळईवरच्या काँक्रीटचं कव्हर कमी पडलं की पाण्याला टेकलेल्या भिंतीच्या आधी छताची सळई गंजते. बाहेर पांढरे ओघळ दिसू लागले तर ते चुन्याचे असतात, म्हणजे पाणी काँक्रीटमधून आरपार येतंय.

७. पाणी भरून तपासा, भराव घालण्याआधी

दिवसाला मीटरभर या बेताने भरा. पहिले सात दिवस काँक्रीट पाणी पितं, तेव्हाची घट मोजू नका. नंतर पातळीवर खूण करा आणि टाकीतच पाण्याने भरलेली एक बादली टांगून तिच्यातही खूण करा. सात दिवसांनी बादलीत जेवढी घट झाली ती बाष्पीभवनाची, त्याहून जास्त ती गळतीची. बाहेरून भिंतीवरचे ओले डाग खडूने घेरून तारीख टाका. डाग वाढतोय की सुकतोय ते त्यावरून कळतं.

आता सापळा: चाचणी झाली की ३० टन पाणी सोडायला सर्वांत सोपी जागा म्हणजे शेजारचा उघडा खड्डा. टाकी हलकी होत जाते आणि बाहेरचं पाणी चढत जातं, दोन्ही एकाच वेळी. पाणी दूर सोडा. त्याहून बरं, भराव पूर्ण होईपर्यंत टाकी भरलेलीच ठेवा.

८. भराव होईपर्यंत लाल रेघ

भिंती उभ्या आहेत पण स्लॅब आणि भराव नाही, या स्थितीत आपल्या टाकीचं वजन टोसकट ३३.२ टन. खड्ड्यात पाणी तळाच्या खालच्या पातळीपासून दोन मीटर चढलं की ती तरंगते. १.२ पट धरून मर्यादा १.६५ मीटर येते, म्हणजे टोच्या माथ्यापासून १.४ मीटर. भिंतीवर बाहेरून तिथे लाल रेघ मारा. पाणी रेघेकडे चढतंय आणि पंप बंद पडलाय, तर टाकीत पाणी सोडायचं, हे रखवालदारालाही सांगून ठेवा. खालच्या पाइपचं तोंड उघडं ठेवलं तर हे आपोआप होतं. आत चिखल येईल, तो धुता येतो.

भराव २०-२५ सेंमीच्या थरांत, चारही बाजूंनी बरोबरीने ठोका. तो ११० मिमीचा पाइप याच वेळी भिंतीलगत तळाच्या पातळीपर्यंत उभा करा, भोकांभोवती खडी भरा, वर झाकण लावा. दोरीला वजन बांधून आत सोडलं की बाहेरचं पाणी कुठे आहे ते कायम कळतं.

९. आधीच बांधलेली, टो नसलेली टाकी रिकामी करायची असेल तर

आपल्याच मापांची पण टो नसलेली टाकी घ्या. बाहेरचं पाणी जमिनीपासून १.१ मीटरच्या आत आलं असेल तर ती पूर्ण रिकामी करू नका. अशा वेळी आत किमान १.७ मीटर पाणी राहू द्या, ते कमी पडलेले २० टन भरून काढतं. साफसफाई कोरड्या महिन्यांत करा.

टाकी हलल्याची खूण आधी पाइपांवर दिसते: भिंतीजवळ तुटलेला किंवा वाकलेला सांधा, मग भोवतालच्या फरशीला चौकोनी भेग, एका बाजूला उचललेलं झाकण, आणि आत उरलेलं पाणी एका कोपऱ्यात जमणं. असं दिसलं तर घाईने टाकी भरून खाली बसवू नका. वर येताना तळाखाली चिखल आणि खडे सरकलेले असतात. टाकी त्यांच्यावर टेकून वाकडी बसते आणि तळ तडकतो. आधी बाहेरचं पाणी सर्व बाजूंनी सारखं उपसा, पाइप सोडवा, चार कोपऱ्यांच्या पातळ्या लिहून ठेवा. तळाखालची पोकळी ग्राउटने भरायची की भराव काढून तळ साफ करायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर त्या पातळ्या बघून ठरवेल. तोवर टाकी भरायची नाही.